‘ती’ म्हणजे वही की पेटी? अटेन्शन एका वाक्यावर उलगडून

प्रश्न: ट्रान्सफॉर्मर मॉडेलमध्ये ‘अटेन्शन’ म्हणजे नेमकं काय? वाक्य वाचताना महत्त्वाच्या शब्दांकडे लक्ष देणं, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. पण मशीन ‘लक्ष देतं’ म्हणजे करतं काय? मी या विषयात नवीन आहे, गणित बारावीपर्यंतचं येतं.

उत्तर:

आधी हे वाक्य वाचा.

वही पेटीत मावली नाही, कारण ती मोठी होती.

‘ती’ कोण? वही. आता फक्त एक शब्द बदलतो.

वही पेटीत मावली नाही, कारण ती लहान होती.

आता ‘ती’ म्हणजे पेटी. दोन्ही वेळा तुम्हाला उत्तर लगेच कळलं. पण ते कळलं कशावरून? व्याकरणावरून नाही, कारण वही आणि पेटी दोन्ही स्त्रीलिंगी, दोन्ही एकवचनी. पेटीऐवजी डबा असता तर ‘ती’ म्हटल्याबरोबर निकाल लागला असता. इथे निकाल लागतो तो ‘मावली नाही’ आणि ‘मोठी’ किंवा ‘लहान’ हे शब्द एकत्र ध्यानात घेतल्यावर. म्हणजे ‘ती’चा अर्थ ‘ती’ या शब्दात नाहीच, तो आजूबाजूच्या तीन-चार शब्दांत विखुरलेला आहे. वाचताना आपलं लक्ष तिकडे जातं, आणि ‘कारण’ किंवा ‘होती’ यांच्यावर फारसं रेंगाळत नाही. हेच काम आकड्यांनी करायचं, त्याला अटेन्शन म्हणतात. मी पूर्ण उत्तर याच वाक्यावर देतो, कारण एका वाक्याचं गणित हाताने करून पाहिलं की बाकीचं आपोआप जागेवर बसतं.

मॉडेलला शब्द दिसत नाहीत, आकडे दिसतात. प्रत्येक शब्दामागे आकड्यांची एक लांब यादी असते, तिला व्हेक्टर म्हणतात. गूगलमधल्या संशोधकांनी 2017 साली ट्रान्सफॉर्मर मांडला, तेव्हा त्यांच्या मूळ मॉडेलमध्ये ही यादी 512 आकड्यांची होती. (खरं तर मॉडेल शब्दाचेही तुकडे करतं. ‘पेटीत’चे ‘पेटी’ आणि ‘त’ असे दोन तुकडे होऊ शकतात, किंवा वेगळेच काही. सध्या आपण एक शब्द एक तुकडा असंच धरू.) अडचण अशी, की सुरुवातीला ‘ती’ची यादी दोन्ही वाक्यांत अगदी सारखी असते. तिच्यात ‘हे स्त्रीलिंगी सर्वनाम आहे’ एवढीच माहिती असते. वाक्य समजायचं तर पहिल्या वाक्यातल्या ‘ती’च्या यादीत वहीचा अंश उतरायला हवा आणि दुसऱ्यात पेटीचा. दुसऱ्या शब्दांची माहिती योग्य प्रमाणात आणून या यादीत मिसळणं, एवढंच अटेन्शनचं काम. सगळा प्रश्न ‘योग्य प्रमाण’ कसं ठरवायचं हा आहे.

त्यासाठी मॉडेल प्रत्येक शब्दाच्या यादीपासून आणखी तीन छोट्या याद्या तयार करतं. मूळ यादीला तीन वेगवेगळ्या मॅट्रिक्सनी गुणायचं की या तीन याद्या मिळतात. त्यांची नावं क्वेरी, की आणि व्हॅल्यू. मधलं नाव मराठीत गोंधळात टाकणारं आहे, म्हणून मी त्याला की-व्हेक्टर म्हणेन. क्वेरीत ‘मला कशा प्रकारचा शब्द हवाय’ हे असतं. की-व्हेक्टरमध्ये ‘मी कशा प्रकारचा शब्द आहे’ हे असतं. आणि व्हॅल्यूत ‘माझ्याकडे पाहिलंत तर मी तुम्हाला काय देईन’ हे असतं. त्या तीन मॅट्रिक्समधले आकडे कुणी हाताने भरत नाही. मॉडेलला अफाट मजकूर दाखवून पुढचा किंवा झाकलेला शब्द ओळखायला लावतात, आणि चुकलं की हे आकडे किंचित सरकवतात. तसं करत करत ते ठरतात.

नवख्या माणसाला इथे नेहमी प्रश्न पडतो की एका यादीवर भागत नव्हतं का. नाही भागत, कारण गरज एकतर्फी असते. ‘ती’ला वहीची जितकी गरज आहे, तितकी वहीला ‘ती’ची नाही. क्वेरी आणि की-व्हेक्टर एकच असते तर ‘ती’ने वहीला दिलेले गुण आणि वहीने ‘ती’ला दिलेले गुण सारखेच आले असते. आणि व्हॅल्यू वेगळी का, तर ज्या वैशिष्ट्यामुळे शब्द निवडला जातो ते वैशिष्ट्य म्हणजे त्याने द्यायची माहिती नव्हे. वही निवडली गेली ती ‘पेटीत घालायला घेतलेली स्त्रीलिंगी वस्तू’ म्हणून. पण ‘ती’ला पुढे हवं असतं ते वहीचं वहीपण.

आता गणित. सोयीसाठी याद्या चारच आकड्यांच्या धरू आणि पहिल्या दोन जागांना अर्थ देऊ. पहिली जागा: स्त्रीलिंगी नाम आहे का. दुसरी जागा: आत जाणारी वस्तू असेल तर अधिक, आत घेणारी असेल तर उणे. हे आकडे मी समजावण्यासाठी बेतले आहेत. खऱ्या मॉडेलमध्ये जागांवर अशी लेबलं नसतात, अर्थ अनेक जागांवर पसरलेला असतो.

```
क्वेरी  ती       ( 2,  2,  0,  0)

की      वही      ( 2,  1,  0,  1)
की      पेटीत    ( 2, -1,  1,  0)
की      कारण     ( 0,  0,  1,  2)
```

‘ती’ची क्वेरी सांगते आहे: मला स्त्रीलिंगी नाम हवं, आणि ते आत जाणाऱ्या वस्तूचं हवं. आता तिचा प्रत्येक की-व्हेक्टरशी डॉट प्रॉडक्ट काढायचा, म्हणजे समोरासमोरचे आकडे गुणून त्यांची बेरीज करायची. वहीशी: 2×2 + 2×1 = 6. पेटीतशी: 2×2 − 2×1 = 2. कारणशी: 0. जुळणी जितकी चांगली तितका आकडा मोठा. वर म्हटलेले गुण ते हेच.

या आकड्यांना यादीच्या लांबीच्या वर्गमुळाने भागायचं. आपली यादी चारची, म्हणून 2 ने भागू. उरतात 3, 1 आणि 0. मग त्यांचं अशा हिश्श्यांत रूपांतर करायचं की सगळे धन असावेत आणि बेरीज 1 यावी. त्यासाठी e या संख्येचा तेवढा घात घेतात: e³ म्हणजे 20.09, e¹ म्हणजे 2.72, e⁰ म्हणजे 1. बेरीज 23.81. प्रत्येकाला बेरजेने भागलं की वहीला 0.84, पेटीतला 0.11 आणि कारणला 0.04 मिळतात. या पायरीला सॉफ्टमॅक्स म्हणतात. हे तीन हिस्से म्हणजे ‘ती’चं लक्ष. तुम्ही विचारलंत ना की मशीन लक्ष देतं म्हणजे काय करतं, तर ते हे करतं. शंभरातलं 84 टक्के लक्ष वहीवर.

भागाकार का केला, हे थोडं थांबून पाहण्यासारखं आहे. न भागता 6, 2, 0 असेच सॉफ्टमॅक्समध्ये घातले तर वहीला 0.98 मिळतात आणि इतरांना जवळजवळ काहीच उरत नाही. चार आकड्यांच्या यादीत ही गत. 2017च्या मॉडेलमध्ये क्वेरी 64 आकड्यांची होती, आणि यादी जितकी लांब तितकी डॉट प्रॉडक्टची बेरीज मोठी होत जाते. मग शिकण्याच्या सुरुवातीलाच, जेव्हा मॉडेलला काही कळत नसतं, एखाद्या शब्दाला योगायोगाने सगळं लक्ष मिळून जातं. सॉफ्टमॅक्स असा एका टोकाला जाऊन बसला की आकडे सरकवण्यासाठी लागणारा इशारा, म्हणजे ग्रेडियंट, जवळपास शून्य होतो आणि शिकणं अडतं. 64चं वर्गमूळ 8, म्हणून तिथे 8 ने भागतात.

शेवटची पायरी सोपी आहे. प्रत्येक शब्दाची व्हॅल्यू त्याच्या हिश्श्याने गुणायची आणि सगळ्यांची बेरीज करायची. समजा वहीची व्हॅल्यू (10, 0), पेटीतची (0, 10) आणि कारणची (0, 0). बेरीज येते (8.4, 1.1). हा गठ्ठा ‘ती’च्या मूळ यादीत मिळवला जातो. जुनी यादी पुसली जात नाही. सर्वनाम ते सर्वनामच राहतं, फक्त आता त्यात वही मिसळलेली असते. हे सगळं एका ओळीत लिहिलं की पुस्तकात दिसणारं सूत्र मिळतं:

```
Attention(Q, K, V) = softmax(QKᵀ / √d) V
```

इथे Q, K, V म्हणजे सगळ्या शब्दांच्या याद्या एकाखाली एक रचून केलेले तक्ते, आणि d म्हणजे की-व्हेक्टरची लांबी. हे गणित एकट्या ‘ती’साठी होत नाही. आपल्या वाक्यात आठ शब्द आहेत, त्यातला प्रत्येक शब्द स्वतःसकट आठही शब्दांकडे पाहतो, म्हणजे 64 गुणांक एका दमात निघतात. वाचनाची उपमा इथे अपुरी पडते. आपण डोळा एका जागेवरून दुसरीकडे नेतो. इथे वाचणारा कुणी एक नाही, प्रत्येक शब्दच इतरांना वाचतो आहे. याची किंमतही आहे. शब्द दुप्पट झाले की गुणांक चौपट होतात. हजार शब्दांच्या मजकुराला दहा लाख गुणांक लागतात. मोठा मजकूर एकदम देणं महाग पडतं त्याचं एक मोठं कारण हेच.

आता दुसरं वाक्य घेऊ, ‘ती लहान होती’चं. तिथे ‘ती’ची क्वेरी (2, −2, 0, 0) झाली तर काय होतं ते तुम्हीच करून पाहा. वही आणि पेटीत यांचे गुण बरोबर अदलाबदल होतात आणि 84 टक्के लक्ष पेटीवर जातं. पण सावध वाचकाने इथे मला अडवायला हवं. ‘ती’ची सुरुवातीची यादी दोन्ही वाक्यांत सारखीच आहे असं मी वर म्हटलं. क्वेरी त्या यादीपासूनच बनते. मग ती दोन वाक्यांत वेगळी कशी होईल?

पहिल्या थरात, म्हणजे हे गणित पहिल्यांदा होतं तेव्हा, नाहीच होत. म्हणून थर एकावर एक रचावे लागतात. पहिल्या एक-दोन थरांत ‘ती’ शेजारच्या ‘मोठी’ किंवा ‘लहान’कडे पाहते आणि ती माहिती स्वतःत घेते. त्याच वेळी ‘मावली’ ‘नाही’कडे पाहते. आता ‘ती’ची यादी दोन वाक्यांत वेगळी झाली. पुढच्या थरात क्वेरी या बदललेल्या यादीपासून बनते, म्हणून तीही वेगळी येते, आणि मग वही की पेटी हा निवाडा होऊ शकतो. माझ्या मते अटेन्शन समजण्यात ही सगळ्यात मोलाची गोष्ट आहे आणि नेमकी हीच बहुतेक ठिकाणी सुटते. एका थरातलं लक्ष साधं असतं. आधी काय मिसळलं यावर पुढे कुणाकडे पाहायचं हे ठरतं, आणि समज तिथे तयार होते. 2017च्या मॉडेलमध्ये वाक्य वाचणाऱ्या भागात असे सहा थर होते. दोन थरांच्या मध्ये प्रत्येक शब्दाची यादी एका छोट्या न्यूरल नेटवर्कमधूनही जाते, पण ते प्रत्येक शब्दासाठी स्वतंत्र चालतं. शब्दाकडून शब्दाकडे माहिती नेण्याचा रस्ता अटेन्शनच.

आणखी एक फरक माहीत असावा. वर मी धरून चाललो की ‘ती’ला पुढचा ‘मोठी’ हा शब्द दिसतो. बर्टसारख्या मॉडेलमध्ये तसं आहे, तिथे शब्द मागे-पुढे दोन्हीकडे पाहतात. पण जीपीटीच्या जातीची मॉडेलं पुढचा शब्द ओळखायला शिकतात, म्हणून त्यांत प्रत्येक शब्दाला फक्त स्वतःकडे आणि मागे पाहता येतं. पुढच्या शब्दांचे गुण सॉफ्टमॅक्सआधी उणे अनंत करून टाकतात, मग त्यांचा हिस्सा शून्य येतो. अशा मॉडेलमध्ये आपल्या दोन वाक्यांतल्या ‘ती’ची यादी अगदी सारखी निघते, कारण तिथपर्यंतचे शब्द तेच आहेत. तिला कधीच कळत नाही की ती वही आहे की पेटी. मग निवाडा होतो कुठे? नंतर येणाऱ्या ‘मोठी’ किंवा ‘होती’च्या यादीत. ‘मोठी’ मागे वळून ‘ती’, ‘वही’, ‘मावली’, ‘नाही’ यांच्याकडे पाहते आणि अर्थ तिथे साठतो. त्यामुळे अशा मॉडेलच्या ‘ती’च्या यादीत वही की पेटी हा निवाडा शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही.

हेड्सबद्दल थोडक्यात. एका वाक्यात एकाच वेळी अनेक नाती असतात: ‘ती’चं वहीशी, ‘मावली’चं ‘नाही’शी, ‘मोठी’चं ‘होती’शी. एकाच सॉफ्टमॅक्सला शंभर टक्के लक्ष या सगळ्यांत वाटायला लावलं तर सगळंच पातळ होईल. म्हणून प्रत्येक थरात हेच गणित अनेकदा शेजारी-शेजारी चालवतात, प्रत्येकाच्या मॅट्रिक्स वेगळ्या. त्या प्रत्येकाला हेड म्हणतात. मूळ मॉडेलमध्ये आठ हेड होते, म्हणूनच 512 भागिले 8 करून 64 आकड्यांची क्वेरी. आणि शब्दांचा क्रम? वरच्या गणितात क्रम कुठेच आला नाही हे लक्षात आलं असेल. शब्द उलटसुलट केले तरी डॉट प्रॉडक्ट तेच येतील. म्हणून ‘मी कितव्या जागी आहे’ ही माहिती वेगळी पुरवावी लागते. 2017च्या मॉडेलमध्ये ती साइन-कोसाइनच्या आकड्यांनी सुरुवातीच्या यादीतच मिळवलेली होती.

हे सगळं स्वतः पाहायचं असेल तर बहुभाषी बर्ट घ्या, त्याला मराठी मजकूरही शिकवलेला आहे.

```python
import torch
from transformers import AutoTokenizer, AutoModel

name = "bert-base-multilingual-cased"
tok = AutoTokenizer.from_pretrained(name)
model = AutoModel.from_pretrained(name, attn_implementation="eager")

x = tok("वही पेटीत मावली नाही, कारण ती मोठी होती.", return_tensors="pt")
with torch.no_grad():
    out = model(**x, output_attentions=True)

print(tok.convert_ids_to_tokens(x["input_ids"][0]))
print(out.attentions[7][0, 3])
```

शेवटची ओळ आठव्या थरातल्या चौथ्या हेडचा तक्ता छापते, कारण मोजणी शून्यापासून सुरू होते. प्रत्येक आडवी ओळ एका तुकड्याचं लक्ष सांगते आणि तिची बेरीज 1 येते. या मॉडेलमध्ये बारा थर आणि प्रत्येकात बारा हेड, म्हणजे 144 तक्ते. पहिली छापलेली यादी नीट बघा, शब्दांचे तुकडे कसे पडलेत ते कळल्याशिवाय तक्ता वाचता येत नाही.

बरेच तक्ते पाहून निराशा होईल, हे आधीच सांगून ठेवतो. कित्येक हेड्समध्ये बहुतेक लक्ष `[SEP]` या वाक्याच्या शेवटी लावलेल्या खुणेवर गेलेलं दिसेल. जीपीटीच्या जातीत तसंच लक्ष मजकुराच्या पहिल्या तुकड्यावर साठतं. याचा अर्थ ती खूण महत्त्वाची आहे असा नाही. सॉफ्टमॅक्सची बेरीज 1 व्हावीच लागते, ‘मला कुणाकडेच पाहायचं नाही’ असं म्हणायची सोय हेडला नसते. म्हणून ज्या हेडचं या वाक्यात काही काम नाही, तो आपलं लक्ष अशा जागी ओततो जिथली व्हॅल्यू फारसा फरक करत नाही. वाचणाऱ्या माणसाच्या लक्षाशी याचं काही साम्य नाही.

आणि एखाद्या हेडमध्ये ‘ती’चं लक्ष वहीवर दिसलं, तरी तेवढ्यावरून ‘मॉडेलला कळलं’ असं म्हणू नका. आधी दुसरं वाक्य घालून पाहा. लक्ष पेटीकडे सरकलं नाही, तर तो हेड बहुधा नुसतं जवळचं किंवा पहिलं स्त्रीलिंगी नाम धरतो आहे. सरकलं, तर तो धागा पकडून पुढे जा: ‘ती’च्या जागी शब्दाचे जितके तुकडे पडतात तितके `[MASK]` ठेवून, शब्द ओळखणारा बर्ट (`AutoModelForMaskedLM`) तिथे वहीला जास्त पसंती देतो की पेटीला ते बघा, मग तो हेड बंद करून, म्हणजे त्याचं उत्तर शून्य करून, तेच पुन्हा मोजा. हेड बंद केल्यावर पसंती बदलली तरच त्या हेडचा निवाड्यात हात होता असं म्हणता येतं. पसंती तशीच राहिली, तर तुम्ही पाहत होतात ते लक्ष खरं होतं, पण निर्णय दुसऱ्याच वाटेने झाला होता.